वर्क ऑर्डरमधलं लवाद कलम: ते खरं आहे का, आणि हायकोर्टाकडून लवाद कसा नेमून घ्यायचा

सांगली-मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा सातारा-कराडकडे कंत्राटी काम करणाऱ्यांच्या फाइलीत वर्क ऑर्डर असतेच. तिच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'वाद निर्माण झाल्यास' अशी एक अट असते, आणि पैसे अडकेपर्यंत ती कुणी वाचत नाही. अडकल्यावर पक्षकार वकिलाकडे येतो आणि विचारतो, "साहेब, लवाद तर त्यांचाच एमडी नेमणार, मग आपलं काय होणार?" कुणी म्हणतं, करारावर आपली सहीच नाही. कुणाच्या करारावर स्टॅम्प नसतो.

या सगळ्या प्रश्नांना कायद्यात उत्तरं आहेत, पण ती एकाच टेबलावर मिळत नाहीत. काही प्रश्न हायकोर्ट बघतं आणि काही नेमला गेलेला लवाद बघतो. कोणता प्रश्न कुणासमोर न्यायचा हे कळलं की निम्मं काम झालं. एक उदाहरण धरून चालू. ते रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं रोजची आहेत.

कुपवाडचा एक फॅब्रिकेटर आहे. तासगाव रस्त्यावर बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज उभं राहत होतं. मुख्य ठेका पुण्याच्या एका कंपनीकडे होता आणि तिने स्ट्रक्चरल स्टीलचं काम याला दिलं. वर्क ऑर्डर ईमेलने आली, खाली कंपनीची सही-शिक्का. फॅब्रिकेटरने सही करून प्रत परत पाठवली नाही, फक्त ईमेलला उत्तर दिलं: "ऑर्डर मिळाली, सोमवारपासून मटेरियल टाकतो." काम 15 मार्च 2025 ला पूर्ण झालं. एकूण बिल 86 लाखांचं, हातात आले 52 लाख, बाकी 34 लाख. मे महिन्यात शेवटचे 6 लाख देताना कंपनीने 'फुल अँड फायनल, काही येणे बाकी नाही' अशा कागदावर सही घेतली. वर्क ऑर्डरची अट क्र. 18 अशी होती:

"या वर्क ऑर्डरमधून उद्भवणारा कोणताही वाद कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी नेमलेल्या एकमेव लवादाकडे सोपवला जाईल व त्याचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील. लवादाचे स्थळ सांगली राहील."

पहिलं काम: अट नीट वाचा

लवाद आणि समेट अधिनियम, 1996 चं कलम 7 सांगतं की लवादी करार लेखी हवा. तो स्वतंत्र कागद असू शकतो किंवा मोठ्या करारातली एक अट असू शकते. पण 'लवाद' हा शब्द छापला म्हणून ती अट लवादी करार होत नाही. कोर्ट त्यात तीन गोष्टी शोधतं: वाद तिऱ्हाइताकडे न्यायचाच असं दोघांनी ठरवलं आहे का, तो तिऱ्हाईत दोघांची बाजू ऐकून निवाडा देणार आहे का, आणि तो निवाडा दोघांवर बंधनकारक राहणार आहे का.

अनेक अटी पहिल्याच गोष्टीवर पडतात. 'वाद लवादाकडे नेता येईल' किंवा 'पक्षांना वाटल्यास लवाद नेमता येईल' अशी भाषा असेल तर आज काही ठरलेलंच नाही, वाद झाल्यावर पुन्हा संमती घ्यावी लागेल. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'पक्षांनी तसे ठरवल्यास' अशा अटीला लवादी करार मानलं नाही. ईस्टर्न कोलफील्ड्सच्या करारात वाद लवादाच्या कायद्याने सोडवता 'येऊ शकेल' अशी भाषा होती. जुलै 2025 मध्ये तीही अट टिकली नाही. आपल्या उदाहरणात 'सोपवला जाईल' आणि 'बंधनकारक राहील' असं आहे, त्यामुळे अट क्र. 18 इथे पास होते.

दुसरा खड्डा सरकारी ठेकेदारांसाठी आहे. बांधकाम आणि पाटबंधारे खात्याच्या बी-1 करारात अट क्र. 30 असते: अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. बरेच ठेकेदार हिलाच लवाद कलम समजतात आणि तिच्यावर वर्षं घालवतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये विष्णू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ही अट लवादी करार नाही असं स्पष्ट केलं. ती खात्याच्या अंतर्गत देखरेखीची व्यवस्था आहे. तुमच्या हातात फक्त बी-1 ची अट 30 असेल तर लवाद मागू नका, दिवाणी दाव्याची तयारी करा आणि मुदतीकडे लक्ष ठेवा.

तिसरा खड्डा उपठेकेदारांचा. वर्क ऑर्डरमध्ये स्वतःची लवाद अट नसते, नुसतं लिहिलेलं असतं की 'मुख्य कराराच्या सर्व अटी बॅक टू बॅक लागू राहतील', आणि मुख्य करारात लवाद अट असते. एवढ्याने ती अट उपठेक्यात येत नाही. एम. आर. इंजिनिअर्स विरुद्ध सोम दत्त (2009) हे प्रकरण नेमकं असंच होतं. दुसऱ्या करारातली लवाद अट आपल्या करारात आणायची असेल तर संदर्भ इतका स्पष्ट हवा की लवाद अटही आणली आहे हे दिसलं पाहिजे. कंपनीच्या स्वतःच्या छापील सर्वसाधारण अटींचा संदर्भ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इनॉक्स विंड निकालाने (2018) साधा संदर्भही पुरेसा मानला. म्हणून पहिल्या भेटीत पक्षकाराला एकच विचारायचं: लवादाची ओळ नेमक्या कोणत्या कागदावर आहे आणि तो कागद तुमच्याकडे आहे का?

सही नाही, स्टॅम्प नाही

अट मजकुराने टिकली की समोरचा कागदावर बोट ठेवतो.

सहीचं आधी. कलम 7 मध्ये दोघांच्या सह्या असलेला दस्त हा लेखी कराराचा फक्त एक प्रकार आहे. पत्रव्यवहारातून, ईमेलमधून करार झाल्याची नोंद दिसत असेल तरी चालतं. कॅरावेल शिपिंग निकालात (2018) बिल ऑफ लेडिंगवर समोरच्याची सही नव्हती, तरी त्यातली लवाद अट लागू ठरली, कारण कायद्याला लेखी स्वरूप हवं असतं, प्रत्येक वेळी सही नव्हे. आपल्या फॅब्रिकेटरकडे कंपनीच्या सहीची वर्क ऑर्डर आहे, 'मटेरियल टाकतो' हे ईमेलचं उत्तर आहे, आणि त्याच वर्क ऑर्डर क्रमांकाने काढलेली, कंपनीने अंशतः भरलेली बिलं आहेत. हे सगळं सलग लावलं की करार स्वच्छ दिसतो. फक्त ईमेलचा प्रिंट काढताना पाठवणारा, वेळ आणि जोडलेली फाइल दिसेल असा काढा, आणि मूळ ईमेल डिलीट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र पुढे लागतंच.

स्टॅम्पचा प्रश्न काही काळ फारच अवघड झाला होता. एप्रिल 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन बहुमताने सांगितलं की मुद्रांक न लावलेल्या करारातली लवाद अट कायद्याच्या नजरेत नाहीच. 13 डिसेंबर 2023 ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते पुसून टाकलं. आता कायदा असा: मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही, पण तो शून्य होत नाही. मुद्रांक आणि दंड भरून दोष दूर करता येतो, आणि हा विषय लवाद नेमणाऱ्या कोर्टाने नाही तर लवादाने बघायचा.

म्हणून निर्धास्त राहावं का? मला विचाराल तर नाही. हायकोर्टात अर्ज अडणार नाही, पण लवादासमोर पहिल्याच तारखेला समोरचे वकील दस्त जप्त करून मुद्रांक विभागाकडे पाठवायला सांगतील आणि काही महिने जातील. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली सांगलीच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे दस्त आधीच दाखवून, ठरेल ती रक्कम भरून घेतलेली बरी. वर्क ऑर्डरवरचा मुद्रांक दाव्याच्या रकमेपुढे किरकोळ असतो.

लवाद नेमणारा एमडी

आता पक्षकाराचा खरा प्रश्न. अट सांगते की लवाद कंपनीचा एमडी नेमणार.

2015 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 12(5) आणि सातवी अनुसूची आली. ज्याचं पक्षाशी नोकरीचं, व्यवसायाचं किंवा मालकीचं नातं आहे तो लवाद होऊ शकत नाही. त्यावरून 2017 च्या टीआरएफ निकालात प्रश्न पुढे सरकला: एमडी स्वतः लवाद होऊ शकत नसेल तर तो दुसऱ्याला नेमू शकतो का? नाही. 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने नेमकं सांगितलं की वादाच्या निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही. 8 नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने रेल्वेच्या 'कोअर' प्रकरणात अशा एकतर्फी नेमणुकीच्या अटी समानतेच्या तत्त्वाच्या विरुद्ध ठरवल्या.

इथे एक गैरसमज जवळपास प्रत्येक वेळी दिसतो. एमडीचा नेमणुकीचा अधिकार गेला म्हणजे पूर्ण लवाद अट गेली, असं बरेच जण धरतात. कंपनीचे वकीलही कधी कधी हाच युक्तिवाद करतात. तसं नाही. वाद लवादाकडे न्यायचा हे दोघांनी ठरवलं आहे, ते तसंच राहतं. नेमणूक कुणी करायची एवढाच भाग गळतो, आणि ती जागा कोर्ट भरून काढतं.

एमडीच्या लवादाला मान्यता देण्याचा एकच रस्ता आहे: वाद उभा राहिल्यानंतर दोघांनी लेखी, स्पष्ट संमती देणं. लवादासमोर गेलात, तारखा घेतल्या, अगदी दावाही दाखल केला, तरी ती लेखी संमती ठरत नाही, असं भारत ब्रॉडबँड निकाल (2019) सांगतो. पण त्यावर विसंबू नका. पहिल्याच पत्रात हरकत लिहून टाका.

नोटीस: इथूनच घड्याळ सुरू होतं

हायकोर्टात जाण्याआधी कलम 21 ची नोटीस. वकिलाची साधी वसुली नोटीस, म्हणजे 'पंधरा दिवसांत रक्कम द्या, अन्यथा कायदेशीर कारवाई', ही ती नोटीस नव्हे. वाद लवादाकडे सोपवण्याची मागणी त्यात स्पष्ट हवी, आणि समोरच्याला ती ज्या दिवशी मिळते त्या दिवशी लवादी प्रक्रिया कायद्याने सुरू होते. मूळ मागणीची मुदतही त्याच दिवशी थांबते.

मुदतीचा हिशेब नीट समजून घ्या, कारण घड्याळं दोन आहेत. केलेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षं. आपल्या प्रकरणात काम 15 मार्च 2025 ला संपलं, म्हणजे लवादाची नोटीस मार्च 2028 च्या मध्याच्या आत कंपनीच्या हातात पडायला हवी. हायकोर्टातल्या अर्जाचं घड्याळ वेगळं. तीही तीन वर्षंच, पण ती नोटिशीप्रमाणे नेमणूक झाली नाही किंवा नकार आला तिथून सुरू होतात. मार्च 2024 च्या आरिफ अझीम विरुद्ध ॲप्टेक निकालाने हे पक्कं केलं.

आपल्या फॅब्रिकेटरने 3 सप्टेंबर 2025 ला नोटीस पाठवली आणि ती 6 सप्टेंबरला मिळाली. नोटिशीचा गाभा असा होता:

"वर्क ऑर्डरच्या अट क्र. 18 अन्वये उभय पक्षांत लवादी करार आहे. रु. 34,00,000 व त्यावरील व्याजाबाबत वाद निर्माण झाला असून तो लवादाकडे सोपवावा अशी ही अधिनियमाच्या कलम 21 अन्वये मागणी आहे. आपल्या व्यवस्थापकीय संचालकांस एकतर्फी लवाद नेमण्याचा अधिकार कलम 12(5) मुळे राहिलेला नाही. सोबतच्या यादीतील तीन निवृत्त जिल्हा न्यायाधीशांपैकी एकास एकमेव लवाद म्हणून ही नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी संमती द्यावी."

तीन नावं देण्याचा उद्देश कोर्टाला दाखवण्याचा आहे: आम्ही वाजवी पर्याय दिला होता. ज्यांची नावं द्यायची त्यांना आधी फोन करून विचारा. ज्यांच्याशी तुमचं काही नातं असेल त्यांची नावं देऊ नका, समोरचा ते शोधून काढतोच.

नोटीस वर्क ऑर्डरवरच्या पत्त्यावर, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर आणि ईमेलवर, अशी तीनही ठिकाणी पाठवा. पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा पोच अहवाल लगेच प्रिंट करून ठेवा, नंतर तो सहज सापडत नाही. हायकोर्टात पहिला प्रश्न असतो: नोटीस केव्हा मिळाली?

27 सप्टेंबरला कंपनीचं उत्तर आलं. 'आमच्या एमडींनी पुण्यातील एका चार्टर्ड इंजिनिअरांची नेमणूक केली आहे. शिवाय आपण फुल अँड फायनलवर सही केली असल्याने वादच शिल्लक नाही.' आठवड्याभरात त्या इंजिनिअरांची बैठकीची नोटीसही आली. फॅब्रिकेटरने दोघांनाही एकाच मजकुराचं पत्र पाठवलं: नेमणूक कलम 12(5) च्या विरुद्ध आहे, लेखी संमती दिलेली नाही व देणार नाही, हायकोर्टात अर्ज करत आहोत. बैठकीला तो गेला नाही. 6 ऑक्टोबरला तीस दिवस संपले.

अर्ज कुठे

इथे जुन्या वकिलांचंही पाऊल चुकतं. लवादाच्या कायद्यातली बरीच कामं जिल्हा न्यायालयात होतात. उदाहरणार्थ, कंपनीने कोल्ड स्टोरेजच्या मालकाकडून येणारी रक्कम उचलून पसार होऊ नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम हवा असेल तर कलम 9 चा अर्ज सांगलीतच करायचा. (हुकूम मिळाला तर 90 दिवसांत लवादी प्रक्रिया सुरू व्हायला हवी, हेही लक्षात ठेवा.) पण लवाद नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला नाही. कलम 11 प्रमाणे तो उच्च न्यायालयाचा. एक पक्ष परदेशी असेल आणि वाद आंतरराष्ट्रीय व्यापारी स्वरूपाचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा.

सांगली-साताऱ्याच्या लोकांसाठी यात मोठा बदल झाला आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिथे येतात. पूर्वी 34 लाखांच्या वादासाठी मुंबईच्या तारखा म्हटलं की लोक माघार घ्यायचे. आता मिरजेहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं.

लवादाचं स्थळ सांगली असल्याने आपला अर्ज कोल्हापूरला गेला. अटीत स्थळ 'पुणे' किंवा 'मुंबई' असतं तर काम तासगावला झालं असूनही हायकोर्टासाठी मुंबईला जावं लागलं असतं. पुढच्या वेळी वर्क ऑर्डर घेताना निदान स्थळाची ओळ बदलून मागा. कंपन्या बाकी अटींना हात लावू देत नाहीत, पण स्थळाबाबत कधी कधी ऐकतात.

अर्जासोबत वर्क ऑर्डरची मूळ किंवा प्रमाणित प्रत, ईमेलची साखळी, नोटीस आणि तिची पोच, कंपनीचं उत्तर, आपलं हरकतीचं पत्र, वादाचा थोडक्यात मजकूर आणि प्रतिज्ञापत्र लागतं. 'थोडक्यात' हा शब्द मनावर घ्या. वेल्डिंगचा दर्जा, वजनकाट्याच्या पावत्या, साइट इंजिनिअरने काय सांगितलं होतं, हे सगळं भरलेले साठ-साठ पानांचे अर्ज मी पाहिले आहेत. त्यातून फक्त समोरच्याला उत्तरासाठी जास्त वेळ मागता येतो. कोर्टाला त्यातलं काही बघायचंच नसतं.

कोर्ट नेमकं काय बघतं

का बघायचं नसतं? कलम 11(6अ). 2015 च्या दुरुस्तीने आलेलं हे पोटकलम सांगतं की लवाद नेमताना कोर्टाने लवादी करार अस्तित्वात आहे की नाही एवढंच तपासावं. 2019 च्या दुरुस्तीने ते काढायचं ठरलं होतं, पण तो भाग अंमलात आणलाच गेला नाही, त्यामुळे पोटकलम जिवंत आहे. डिसेंबर 2023 च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने अस्तित्वाचा अर्थही बांधून दिला: कलम 7 प्रमाणे लेखी लवादी करार वरवर पाहता दिसतो का. करार खोलात जाऊन वैध आहे का, हा प्रश्न कलम 16 खाली लवादाकडे.

त्यामुळे कंपनीच्या हरकती कुठे जातात ते पाहू. 'सही नाही' हा कराराच्या अस्तित्वाचा प्रश्न, तो हायकोर्ट बघणार, आणि ईमेलची साखळी त्याचं उत्तर देते. 'स्टॅम्प नाही' हा लवादाकडे. 'फुल अँड फायनल दिलं आहे' हाही लवादाकडे. इथे बोघारा पॉलीफॅब या 2008 च्या निकालाची आठवण ठेवून अनेक जण घाबरतात, कारण तेव्हा कोर्ट हे स्वतः तपासू शकत होतं. 18 जुलै 2024 च्या एस.बी.आय. जनरल इन्शुरन्स विरुद्ध क्रिश स्पिनिंग निकालाने तो रस्ता बंद केला. पैसे अडकवून सही घेतली की राजीखुशीने दिली, हा पुराव्याचा प्रश्न आहे. त्याच निकालाने मुदतीबाबतही सांगितलं की कोर्टाने फक्त कलम 11 चा अर्ज तीन वर्षांत आहे का ते बघावं, मूळ मागणी मुदतबाह्य आहे का ते लवाद ठरवेल.

काही वाद मुळात लवादाकडे जाऊच शकत नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरूचा वाद, दिवाळखोरी, फौजदारी गुन्हे हे त्यातले. सहकारी संस्था आणि सभासद यांच्यातल्या कलम 91 च्या वादाला सहकार न्यायालय आहे. आपल्या भागात कारखाने आणि पतसंस्था इतक्या आहेत की अर्ज लिहिण्याआधी समोरचा पक्ष कोण आणि तुम्ही त्याचे सभासद आहात का, हे विचारलंच पाहिजे.

एक फाटा आणखी. फॅब्रिकेटरची उद्यम नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याच्या कलम 18 खाली सुविधा परिषदेकडे जाण्याचाही पर्याय आहे, आणि 2022 च्या महाकाली फूड्स निकालानुसार तो कायदा करारातल्या लवाद अटीच्या वर चालतो. व्याज बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ. पण माल पुरवठा नसून कामाचं कंत्राट असेल तर तो कायदा लागू होतो का यावर हमखास वाद घातला जातो. आपल्या उदाहरणात साइटवरची उभारणी मोठी होती, म्हणून थेट लवादाचा रस्ता धरला. दोन्हीकडे एकदम धावू नका.

हुकमानंतर

कायदा म्हणतो की समोरच्याला नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न व्हावा, एवढंच. बजावणी लवकर झाली तर काही तारखांत काम होतं, कंपनीने पत्ता बदललेला असेल तर बजावणीतच महिने जातात.

कंपनीच्या नेमणुकीकडे दुर्लक्ष करून कोर्टाने स्वतंत्र एकमेव लवाद नेमला, असं धरू. त्याआधी त्या व्यक्तीकडून आपलं दोन्ही पक्षांशी नातं नाही असं लेखी निवेदन घेतलं जातं. ते वाचा, हरकत असेल तर तेव्हाच घ्या. कलम 11 च्या हुकमावर अपील नाही, फक्त सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. हे दोन्ही बाजूंना लागू आहे: अर्ज फेटाळला गेला तरी अपील नाही. म्हणून करार दाखवणारा एखादा कागद 'नंतर दाखल करू' म्हणून ठेवू नका.

खर्चाचा अंदाजही आधी करा. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या नमुन्याप्रमाणे 20 लाखांच्या वरच्या आणि 1 कोटीपर्यंतच्या वादाला लवादाची फी 97,500 रुपये, अधिक 20 लाखांवरच्या रकमेच्या 3 टक्के. 34 लाखांना ती 1,39,500 होते, आणि लवाद एकच असल्यास त्यावर 25 टक्के जादा, म्हणजे 1,74,375. ही साधारणपणे दोघांत वाटली जाते. कंपनीने तिचा वाटा भरला नाही तर तुम्हाला तो भरून पुढे जावं लागतं आणि निवाड्यात खर्च म्हणून मागावा लागतो.

लवादासमोर कंपनी पुन्हा म्हणेल की करार वैध नाही. म्हणू द्या, हायकोर्टाने फक्त वरवर पाहिलं होतं, त्यामुळे तिला तो हक्क आहे. पण ही हरकत तिचा जबाब दाखल करतानाच किंवा त्याआधी घ्यावी लागते. लवादाने ती फेटाळली तर काम थांबत नाही, कंपनीला अंतिम निवाडा होईपर्यंत थांबून मग तो रद्द करून मागायला कलम 34 खाली जावं लागतं. तुमच्या बाजूने तयारी एवढीच: मुद्रांकाची पावती, ईमेलचं प्रमाणपत्र आणि मे महिन्यातल्या त्या सहीच्या आधीचे-नंतरचे मेसेज पहिल्या तारखेला फाइलमध्ये असू द्या. '6 लाख हवे असतील तर आधी सही करून पाठवा' असा एखादा मेसेज फॅब्रिकेटरच्या मोबाइलमध्ये असेल, तर फोन बदलण्याआधी त्याचा बॅकअप घ्या.